खडूचे मेण, मार्करची शाई आणि मॅट रंगाची भिंत

मुलीच्या खोलीतील भिंतीला फिकट पिवळे मॅट इमल्शन दिलेले होते आणि त्यावर एका दुपारी क्रेयॉनचे निळे गोल व त्यांतून आरपार गेलेली जांभळ्या मार्करची लांब रेघ उमटली. ओल्या फडक्याने जोरात घासण्याची चूक मी लगेचच केली. मेण पसरले आणि घासलेल्या जागी तळहाताएवढा चकचकीत ठिपका पडला, जो तिरप्या उजेडात आजही दिसतो. मॅट रंगाचा पृष्ठभाग मुळात किंचित खडबडीत असतो. घासल्याने तो गुळगुळीत होतो, आणि मग रंग निघाला नसला तरी भिंत खराब दिसते.

त्यानंतर प्रत्येक उपाय मी आधी कपाटामागच्या भागावर पांढऱ्या फडक्याने करून पाहिला. फडक्यावर पिवळा रंग आला की तो उपाय किंवा तेवढा जोर त्या भिंतीला सोसणार नाही, असे समजावे.

क्रेयॉन म्हणजे रंग मिसळलेले मेण, त्यामुळे ते पुसण्याऐवजी मऊ करून टिपणे सोपे जाते. हेअर ड्रायर वीतभर अंतरावर धरून मी थोडा थोडा भाग कोमट केला आणि कागदी रुमाल नुसता दाबून उचलला, दर वेळी स्वच्छ घडी पुढे घेत. उरलेला तेलकट थर कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचे काही थेंब घालून, घट्ट पिळलेल्या फडक्याने हलकेच पुसला आणि शेवटी साध्या पाण्याचे फडके फिरवले. पांढरा ‘जादुई’ स्पंज मात्र मी वापरला नाही, कारण तो प्रत्यक्षात अतिशय बारीक पॉलिशपेपरसारखेच काम करतो.

मार्करच्या रेघेवर साबणाचा काहीच परिणाम झाला नाही, यावरून ती पक्क्या शाईची असल्याचे कळले. अशी शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, पण त्याच अल्कोहोलने इमल्शनही मऊ पडते. म्हणून मुलीला बाहेर ठेवून, खिडकी उघडून, कानकाडीचे टोक जेमतेम ओले करून मी रेघ ठिपक्याठिपक्याने टिपली आणि प्रत्येक ठिपक्याला नवी काडी घेतली. कापसावर जांभळ्याबरोबर पिवळाही दिसू लागला, तेव्हा मी थांबलो. रेघेची फिकट सावली मात्र उरलीच.

त्या सावलीवर मी उरलेला पिवळा रंग लावला, तर वाळताना जांभळी छटा पुन्हा वर आली, कारण शाई ओल्या रंगात झिरपते. शेवटी डाग रोखणाऱ्या प्राइमरचा एक हात देऊन, तो पूर्ण वाळल्यावर त्यावर रंग लावला. आता तेथे जांभळे काही दिसत नाही. मात्र जुना रंग थोडा उतरलेला असल्याने नव्या रंगाचा चौकोन जरा गडद दिसतो, आणि तो लपवायचा तर ती भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रंगवावी लागेल.