पॅकेज, पंगत आणि कुरडयांची कढई

“तुमच्याकडे गौरीला एवढं मोठं खटलं जमतं, मजा असेल ना? मग जायचं म्हटलं की तुमचं तोंड का पडतं हो?”

माणसांचं काही नाही हो, माणसं चांगली आहेत. मला भीती वाटते ती एका आकड्याची, आणि तो आकडा माझ्या आधी गावाला पोचलेला असतो.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी बाबांनी माझा बायोडाटा केला, लग्नाचा. रास, नाड, गण, उंची, आणि खाली ‘वार्षिक उत्पन्न १४ लाख’. तो गेला आत्याकडे, आत्याने टाकला फॅमिली ग्रुपवर ‘कोणी असेल तर सांगा’ म्हणून, स्थळ एकही आलं नाही पण पगार मात्र सातारा जिल्ह्यात सगळ्यांना पाठ झाला.

तर गौरीजेवणाचा दिवस, दुसरी पंगत. पंगतीचं एक असतं, पान वाढलं की उठता येत नाही. पुरणपोळीवर तूप पडलं आणि समोरून काका म्हणाले, “काय गं, चौदा ना तुझं? म्हणजे महिना सव्वाच्या आसपास. आमच्या दादाचं चोवीस झालं.” मी “हो का, अरे वा” म्हणून कटाची आमटी ओरपली. आता पंगतीत बसून काय सांगणार की काका, चौदा भागिले बारा असं नसतं ते. चौदा हा कंपनीचा माझ्यावरचा खर्च आहे. माझं बेसिक ५ लाख ६० हजार, त्यावर १२ टक्के म्हणजे ६७ हजार कंपनी पीएफमध्ये घालते तेही त्या चौदातलेच, ग्रॅच्युइटीचे साधारण २७ हजार त्यातलेच आणि ते पाच वर्षं टिकले तर मिळणार, विम्याचा हप्ता १२ हजार, आणि १ लाख ४० हजार व्हेरिएबल, जे कंपनीचं वर्ष चांगलं गेलं तर, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. उरलेल्याचे महिन्याला ९६ हजार होतात, त्यातून माझ्या वाट्याचा पीएफ ५,६०० आणि प्रोफेशनल टॅक्सचे २०० गेले की नव्वद, आणि इन्कम टॅक्स अजून धरलाच नाहीये. काकांच्या सव्वातले पस्तीस हजार हे असे वाटेतच जिरतात. पण हे बोलायला लागलं की “रडतेय बघा” होतं, म्हणून गप्प.

खरी गंमत संध्याकाळी. खाली हळदीकुंकू चाललेलं, मी गच्चीवर गेले तर दादा तिथे आधीच लपलेला. मी म्हटलं काय चोवीसवाले, तर म्हणाला हळू बोल. त्याच्या चोवीसमध्ये चार लाख जॉइनिंग बोनस होता, तो एकदाच मिळतो आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर परत द्यायचा, आणि चार लाखांचे शेअर, जे चार वर्षांत थोडे थोडे हातात येणार. म्हणजे दरवर्षी धरून चालावं असे सोळाच, त्यातही पीएफ-बिएफ आहेच. माझ्यात न् त्याच्यात दोन लाखांचा फरक आणि पंगतीत दहाचा डंका! बरं त्याला बॉस नको झालाय, पण वर्ष होईपर्यंत सोडता येत नाही, आणि सोडून सोळावर गेला तर काकांना काय सांगणार, की आठ लाख उतरले? मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझ्या पोटात जो गोळा येतो तो त्याच्याही येतो, फक्त त्याचा आठ लाखांनी मोठा आहे. (मग त्याने हळूच विचारलं, “तुझं इन हँड किती गं?” रक्तातच आहे.)

काकांवर राग धरावा तर तोही धरवत नाही. त्यांना माझं काम काय ते माहीत नाही, मला त्यांच्या उसाचं काही कळत नाही, दोघांना समजेल असा एक आकडाच उरतो. लग्नाचंही तेच, “यंदा कर्तव्य आहे का” हे निदान एका वाक्यात संपतं, मी म्हणते “आहे, मुलगा तेवढा बघा”.

सगळ्यात वाईट वहिनीचं. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही, आणि “गोड बातमी कधी” याला पीएफसारखा हिशोबही दाखवता येत नाही. मी दोन वर्षं बघतेय, गौरीच्या दिवशी कुरडया-पापड तळायला तीच बसते. मला वाटायचं हौस असेल. गेल्या वर्षी मी पाणी द्यायला गेले तर दारातून मोठ्या काकू काहीतरी विचारायला आत येत होत्या, वहिनीने कढईत कुरडई सोडली, तेल चर्रर्र करून उसळलं, काकू पदर सावरत दोन पावलं मागे, “बाई बाई, जपून गं” म्हणत निघून गेल्या. वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, “तेलाजवळ कोणी थांबत नाही.”

परवा आईचा फोन आला होता, यंदा तू काय करणार म्हणून. मी सांगितलं, पापड मी तळते, दुसरा झारा काढून ठेव.