नोंद ९: उत्तर ३.२ आलं, पण बेरीज नव्हतीच

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की अनंत भूमिती श्रेढींचा गठ्ठा या आठवड्यात संपवतो. नाही संपला. शनिवारची अख्खी संध्याकाळ एकाच गणितात गेली. नागपूरचं ऊन, कूलरची घरघर, आणि अकरावीतली भाची वही घेऊन समोर.

गणित असं: ८ − १२ + १८ − २७ + … याची अनंतापर्यंतची बेरीज काढा. तिचं उत्तर ४.८ होतं, माझं तोंडी ३.२. दोन्ही चूक.

तिची चूक आधी, कारण ती जास्त फसवी आहे. तिने सामान्य गुणोत्तर काढताना ८ ला −१२ ने भागलं. आधीच्या पदाला पुढच्या पदाने. त्यामुळे r = −2/3 आलं, तपासणीत ते −१ आणि १ च्या मध्ये बसलं, आणि पहिलं पद a धरून S = a/(1 − r) ने ८ भागिले ५/३, म्हणजे ४.८. बेरीज असण्याची अट तपासली होती, पण चुकीच्या आकड्यावर. इथे गुणोत्तराकडे नाही, पदांकडे बघायचं: ८, १२, १८, २७ हे आकडे चिन्ह सोडून फुगत चाललेत, आणि अशा श्रेढीत गुणोत्तरही चिन्ह सोडून १ पेक्षा लहान असूच शकत नाही. सरळ भागलं की r = −1.5.

आता माझी चूक. सूत्रात −१.५ टाकलं की ८ भागिले २.५, म्हणजे ३.२. सगळी पदं धन असती आणि r = 1.5 असतं तर उत्तर −१६ आलं असतं. धन पदांची बेरीज ऋण आलेली दिसली की माणूस लगेच दचकतो. इथे मात्र चिन्हं आलटून पालटून आहेत, उत्तर लहानसं आणि धन, शंका यायचं कारणच नाही. म्हणून एकेक पद मिळवत बेरजा लिहिल्या: ८, −४, १४, −१३, २७.५. भाची म्हणाली, "मामा, हे तर कुठं थांबतच नाही. मग ३.२ आलं कुठून?"

प्रश्न रास्त होता. आंशिक बेरीज पुढे नेण्याचा एक सोपा मार्ग आहे: आधीच्या बेरजेला r ने गुणा आणि a मिळवा. सूत्र एवढंच विचारतं की असं केल्यावर जागचा न हलणारा आकडा कोणता? तो ३.२ आहेच, कारण ८ − १.५ × ३.२ = ३.२. पण बेरजा त्याच्याकडे येतात का, हे सूत्र बघतच नाही. मग प्रत्येक बेरजेतून ३.२ वजा केले: ४.८, −७.२, १०.८, −१६.२. दर पायरीला अंतर −१.५ पट. |r| < 1 ही अट म्हणजे एवढंच, की हे अंतर आटलं पाहिजे.

रात्री पोहे खाऊन झाल्यावर एक खोडी सुचली. बेरीज ० ऐवजी थेट ३.२ पासूनच सुरू केली तर?

```python
a, r, s = 8, -1.5, 3.2
for n in range(100):
    s = a + r*s
    print(n+1, s)
```

कागदावर हा आकडा जन्मभर ३.२ राहील. पडद्यावर पहिलीच ओळ `1 3.1999999999999993` अशी आली, कारण ३.२ द्विमान पद्धतीत नेमका मावत नाही आणि गुणाकारात शेवटचा अंक गोल होतो. तेवढी चिमूटभर चूक दर पायरीला दीडपट होत गेली, आणि शंभराव्या ओळीपर्यंत आकडा ३.२ पासून शंभराहून जास्त लांब गेला होता. टोकावर उभी केलेली पेन्सिल, दुसरं काय.

मग तीच पदं उलट्या दिशेने घेतली: २७ − १८ + १२ − ८ + … इथे मात्र r खरोखरच −२/३ आहे, आणि सूत्र १६.२ देतं. बेरजा २७, ९, २१, १३. त्यांची १६.२ पासूनची अंतरं १०.८, −७.२, ४.८, −३.२. वरचेच आकडे परत येताना बघून भाची हसलीच. कोडमध्ये a = 27 आणि r = -2/3 करून सुरुवातीला s = 1000 टाकलं, तरी शेवटी १६.२ च्या आसपासच येऊन बसतं.

झोपायला जाताना तिने r = −1 चं विचारलं. ८ − ८ + ८ − … सूत्र ४ म्हणतं, बेरजा ८, ०, ८, ०. अंतर ना वाढत ना आटत, ४ आणि −४ एवढंच. नेहमीच्या अर्थाने बेरीज नाही, असं मी सांगितलं. "मग मधलाच ४ काऊन निघते बाप्पा?" याचं उत्तर सरासरी घेण्याच्या पद्धतीत आहे. ते पुढच्या नोंदीत.