शर्ट लांबीला पुरला तर रुंदीला सैल

माझी उंची ६ फूट २ इंच, वजन ६६ किलो, छाती ३६. रेडिमेड ३८ नंबरचा शर्ट अंगाला नीट बसतो, पण बाही मनगटाच्या हाडावरच थांबते आणि हात वर केला की पोट उघडं पडतं. ४२ घेतला तर लांबी जमते, पण खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. शेवटी कापड घेऊन शिवायला टाकलं.

टेलरकाकांनी आधी एकच विचारलं, "इन करणार की बाहेर?" इन करायचा असेल तर माझ्या उंचीला साडेबत्तीस इंच लांबी हवी, नाहीतर बसता-उठता शर्ट निघून येतो. तोच शर्ट बाहेर सोडला तर मांडीपर्यंत लोंबतो आणि माणूस आणखीच उभट दिसतो. म्हणून बाहेर सोडायच्या शर्टाला त्यांनी साडेतीस धरली, म्हणजे पॅन्टच्या चेनच्या मध्यापर्यंत. मी घट्ट फिटिंग मागत होतो. ते म्हणाले, "बारीक माणसाला घट्ट शिवलं की बरगड्या दिसतात." छातीत पाच इंच लूज ठेवून ४१ केलं. कापड सुती होतं, ते कापण्याआधी भिजवून घेतलं. तीन टक्के आटलं तरी बत्तीस इंचात जवळपास एक इंच जातो, आणि उंच माणसाला तो इंच परवडत नाही.

पॅन्टवर मात्र आमची जुंपली. मला खाली निमुळती हवी होती. काकांनी मला माझी जुनी जीन्स घालायला लावून आरशासमोर उभं केलं: काटक्यांसारखे पाय आणि खाली होडीएवढे बूट. मग मोहरीचा, म्हणजे पॅन्टच्या पायाच्या खालच्या तोंडाचा, पूर्ण घेर १६ इंच ठरला आणि लांबी बुटावर जेमतेम एक घडी पडेल इतकी. खाली दीड इंचाची बाहेर दुमडलेली पट्टी घातली. त्या आडव्या रेषेने लांब पाय जरा तुटतो. अशा पट्टीसाठी प्रत्येक पायाला तीन इंच कापड जास्त लागतं, शिवणीत आत दुमडायचा दाब वेगळा. दुकानात आधीच सांगावं, नंतर जोड लावता येत नाही. बुटक्या माणसाला काका ही पट्टी सहसा घालू देत नाहीत म्हणे.

राहिला वरचा थर. फिक्या टी-शर्टवर जाड सुती ओव्हरशर्ट, गडद रंगाचा, छातीवर दोन झाकणाचे खिसे. खिशांमुळे छाती भरीव वाटते, आणि बटणं उघडी ठेवून बाह्या कोपराखाली दुमडल्या की बाही आखूड असल्याचंही कळत नाही. ओव्हरशर्ट मी रेडिमेडच घेतला. फक्त आतला टी-शर्ट त्याच्याखाली डोकावता कामा नये, नाहीतर कमरेखाली दोन-दोन काठ दिसतात. पुण्यात हे डिसेंबर-जानेवारीत ठीक आहे. एप्रिलमध्ये त्याऐवजी अर्ध्या बाहीचा लिननचा शर्ट तसाच उघडा घालतो, बाही कोपराच्या जरा वर आणि थोडी ढिली.