मशीनवर रुपये दिसले की हात आखडता घ्या: व्हिएन्नातल्या एका बिलाचा हिशेब

व्हिएन्नात हॉटेल सोडताना बिल झालं २०० युरो. कार्ड मशीनमध्ये घातलं आणि पडद्यावर दोन आकडे आले: EUR 200.00 आणि INR 21,200.00. रुपयांच्या आकड्याभोवती हिरवी चौकट होती, युरोचा आकडा खाली बारीक अक्षरांत. रुपये ओळखीचे, म्हणून बोट आपोआप तिकडेच जातं.

या सोयीला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, थोडक्यात डीसीसी म्हणतात. कार्ड नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून ते भारतात निघालेलं आहे हे मशीनला कळतं. मग युरोचे रुपये करण्याचं काम व्हिसा किंवा मास्टरकार्डकडे न जाता दुकानदाराची बँक आणि तिची सेवा देणारी कंपनी जागेवरच करते. दर ती ठरवते, त्यात स्वतःचा नफा मिळवते आणि त्यातला वाटा बहुतेक वेळा दुकानदारालाही जातो. काउंटरवरचा माणूस रुपयांचा आग्रह का धरतो, ते यावरून समजावं.

हिशेब सोपा व्हावा म्हणून व्हिसा-मास्टरकार्डच्या नेटवर्कचा दर १ युरोला १०० रुपये धरतो. युरोत पैसे दिले तर २०,००० रुपये होतात. त्यावर भारतातल्या बऱ्याच कार्डांचा मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार, ३.५ टक्के, म्हणजे ७०० रुपये. या ७०० वर १८ टक्के जीएसटी, १२६ रुपये. एकूण २०,८२६.

रुपये निवडले तर मशीनचा दर १०६, म्हणून २१,२००. इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण त्यांना वाटतं रुपयांत दिले म्हणजे बँकेचा मार्कअप वाचला. पण दुकान परदेशातलं असल्यामुळे आपल्याकडच्या अनेक बँका अशा रुपयांतल्या व्यवहारावरही शुल्क लावतात. ते १ टक्का धरलं तर २१२ रुपये, त्यावर जीएसटी ३८. एकूण २१,४५०. म्हणजे ६२४ रुपये जास्त. मार्कअप नसलेलं कार्ड असेल तर फरक जवळजवळ दीड हजाराचा होतो, कारण युरोत फक्त २०,००० लागले असते.

‘नेहमी’ न म्हणता ‘बहुतेक वेळा’ म्हणतो, त्याला कारण आहे. वरच्या ३.५ टक्के मार्कअपच्या कार्डावर मशीनचा नफा २.९ टक्क्यांच्या आत असेल तर रुपयांतला व्यवहार किंचित स्वस्त पडू शकतो. युरोपियन युनियनमध्ये मशीनवर किंवा एटीएमवर हा नफा युरोपियन सेंट्रल बँकेच्या दराच्या तुलनेत टक्केवारीत दाखवलेला असू शकतो, तो शोधावा. इतका कमी आकडा मी तरी पाहिलेला नाही. ‘0% commission’ लिहिलेलं असलं तरी भुलू नये. नफा कमिशनमध्ये नसतो, दरात असतो.

व्हिएन्नात माझ्या आधीच रिसेप्शनवरच्या बाईंनी मशीन स्वतःकडे वळवून बटण दाबलं आणि रुपयांची स्लिप हातात दिली. अशा वेळी सही करायची नाही, निघायचंही नाही. “हा व्यवहार व्हॉइड करा आणि युरोत पुन्हा करा,” एवढंच सांगायचं. मशीनचा दिवसाचा हिशेब बंद होईपर्यंत व्यवहार व्हॉइड, म्हणजे जागेवरच रद्द, करता येतो. नंतर रिफंड करावा लागतो आणि तो वेगळ्या दराने आला तर दोन्हीकडून नुकसान. व्हॉइडनंतर मोबाइलवर दोन मेसेज दिसले तरी पहिल्याची अडकलेली रक्कम काही दिवसांनी मोकळी होते. व्हॉइडची स्लिप मात्र तोवर जपून ठेवावी.

चलन निवडण्याचा हक्क कार्डधारकाचा आहे, हा व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांचाही नियम आहे. न विचारता रुपये लावले तर आपल्या बँकेकडे तक्रार करता येते. व्हिसात त्यासाठी ‘चुकीचं चलन’ असा वेगळा प्रकारच आहे, क्रमांक 12.3. अडचण अशी की स्लिपवर बहुधा ‘मला चलन निवडण्याची संधी दिली होती’ असं छापलेलं असतं आणि खाली आपली सही असते. हॉटेलात चेक-इनच्या फॉर्मवरही अशी ओळ असू शकते. ती खोडून मगच सही करावी.

एटीएमवर प्रश्न जास्त फसवा असतो. पैसे काढताना ‘Accept conversion’ आणि ‘Decline conversion’ असे दोन पर्याय येतात. Decline दाबलं तर पैसेच मिळणार नाहीत असं वाटतं, कधी कधी दुसऱ्यांदा ‘नक्की?’ असंही विचारलं जातं. दोन्ही वेळा Decline दाबायचं. नाकारला जातो तो फक्त मशीनचा दर, नोटा बाहेर येतातच. एटीएमचं वेगळं शुल्क मात्र यानं टळत नाही, ते पडद्यावर निराळं वाचावं लागतं.