दोन स्वल्पविराम

सोमवारी दुपारी चार वाजता मॅडमनी मला बोलावलं तेव्हा वेबिनारची नोंदणी नऊ जणांवर अडकली होती. गुरुवारी कार्यक्रम. यादीत अठराशे नंबर. शुक्रवारी पोस्ट सगळीकडे गेली होती, मग शनिवारी एकदा, रविवारी पुन्हा. "लोकांना शिकायची आवडच उरलेली नाही," असं मॅडम म्हणाल्या. पोस्ट त्यांनीच लिहिली होती, म्हणून मी मान डोलावली आणि जागेवर येऊन ती पहिल्यांदा नीट वाचली.

तीनशे बारा शब्द. सुरुवात "सप्रेम नमस्कार, आजच्या धावपळीच्या डिजिटल युगात माहितीला अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे" अशी. फोनवर नोटिफिकेशन येतं तेव्हा दिसतं ते एवढंच, आणि एवढ्यावर कोणी बोट ठेवत नाही. पुढे संस्थेची वाटचाल, मग वक्त्यांच्या पदव्या, मग संचालकांचं मनोगत. "अधिक वाचा"च्या बऱ्याच खाली विषय सापडला: छोट्या कार्यालयांसाठी डेटा बॅकअप. तारीख होती "येत्या गुरुवारी". वेळ "सायं. ठीक ७ वाजता", कधी संपणार याचा पत्ता नाही.

"येत्या गुरुवारी" या दोन शब्दांवर माझा विशेष राग आहे. पोस्ट फिरते. कुणाला ती गुरुवारी सकाळी मिळते, कुणाला शुक्रवारी, आणि मग तो बिचारा पुढच्या आठवड्यात सात वाजता बसतो. आणि संपायची वेळ न दिल्यावर वाचणारा सगळी संध्याकाळ गेली असं धरून चालतो.

पण नऊवर अडकायचं खरं कारण वेगळंच निघालं. पोस्टमध्ये तीन लिंक होत्या: आधी संस्थेचं संकेतस्थळ, मग वक्त्यांचं प्रोफाइल, सगळ्यात शेवटी नोंदणीचा फॉर्म. व्हॉट्सॲपवर मेसेजला जे चित्राचं कार्ड लागतं ते पहिल्या लिंकचं असतं. म्हणजे वर ठसठशीत दिसत होतं आमचं मुखपृष्ठ, आणि त्यावर वेबिनारचा उल्लेखसुद्धा नव्हता. ज्यांना यायचं होतं ते त्या कार्डावर दाबून तिथे पोचले आणि परत फिरले. जोडीला पोस्टर होतं, त्यावर क्यूआर कोड. पोस्टर ज्या फोनवर आलंय त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो कोड कसा टिपायचा, हे आमच्याकडे कुणालाही सुचलं नव्हतं, पोस्टर मंजूर करताना मलाही नाही.

मी ठरवलं, एसएमएस पाठवायचा. लिंक एकच आणि मजकूर दोन भागांत मावेल एवढा. पण त्याआधी वक्त्यांना फोन लावला. हे आमच्याकडे कुणी करत नाही. वक्त्याकडून परिचय मागवतात, फोटो मागवतात, त्या दीड तासात नक्की काय होणार ते विचारत नाहीत.

"सर, माणूस साडेआठला उठेल तेव्हा त्याला काय येत असेल जे सात वाजता येत नव्हतं?"

ते जरा थांबले. म्हणाले, "लोक बॅकअप घेतात हो. हिरवी खूण दिसली की खूश. पण तो परत आणून कधी कुणी बघत नाही. वेळ आली की कळतं, पासवर्ड सोडून गेलेल्या माणसालाच ठाऊक होता, किंवा ज्याला बॅकअप समजत होते तो नुसता सिंक होता. इथे फाइल उडवली की तिथलीही उडाली. मी त्यांना एक फोल्डर परत आणायला लावणार आहे. मूळ जागी नाही, वेगळ्या जागी. मग फाइलींची संख्या जुळवायची आणि दोन-चार उघडून बघायच्या."

"तिथल्या तिथे? प्रत्येकाने?"

"हो, म्हणून तर लॅपटॉप लागेल. फोनवर नाही जमणार."

हे पोस्टमध्ये कुठेच नव्हतं. तीनशे बारा शब्दांत मॅडमनी माहितीचं अनन्यसाधारण महत्त्व सांगितलं होतं, पण लोक स्वतःचा बॅकअप उघडून बघणार आहेत हे सांगितलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि कागदावर लिहिलं: तुमचा बॅकअप उघडतो का?

आता मोजणी. इंग्रजीतला एसएमएस एकशेसाठ अक्षरांचा असतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं. देवनागरीचं एक अक्षर जरी आत आलं तरी सगळा मेसेज युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा सत्तरवर येते. सत्तरच्या पुढे गेला की तुकडे पडतात, आणि तुकडे जोडायची खूण प्रत्येकात बसवावी लागत असल्याने एका तुकड्यात सदुसष्टच उरतात. दोन तुकडे म्हणजे एकशेचौतीस. तिसरा पडला की तिप्पट दर. त्यातून ही मोजणी आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची नसते. "संध्याकाळी" हा शब्द दिसायला चार अक्षरी. फोनच्या हिशेबी तो दहा: स, अनुस्वार, ध, हलंत, य, काना, क, काना, ळ, दीर्घ वेलांटी. "नोंदणी" दिसते तीन, भरते सहा. नवीन मुलं बोटं मोडत "बसतंय की" म्हणतात आणि बिल आल्यावर माझ्याकडे बघतात.

पहिला मसुदा एकशेएकाहत्तर झाला. त्यात वक्त्यांचं नाव होतं, ते काढलं. त्यांच्या नावावर गर्दी जमेल असे ते नव्हते, त्यांनाही याचं काही वाटलं नाही. "मोफत" काढलं, आमचे सगळेच कार्यक्रम मोफत असतात आणि यादीतल्यांना ते माहीत आहे. "मर्यादित जागा" काढलं, कारण जागा मर्यादित नव्हत्या. "गुगल फॉर्म भरून आपला सहभाग निश्चित करावा" याच्या जागी नुसतं "नोंदणी" आणि लिंक. संस्थेचं नाव पाठवणाऱ्याच्या जागी दिसतंच. "संध्या." असा संक्षेप करून पाहिला, तीन वाचत होते, पण संध्या नावाची कुणी बाई साडेआठपर्यंत बोलणार आहे असं वाटायला लागलं. पुरा शब्द ठेवला.

शेवटी हे उरलं:

तुमचा बॅकअप उघडतो का? स्वतः तपासा. वेबिनार, गुरुवार १२ जून, संध्याकाळी ७ ते ८.३०. लॅपटॉप हवा. नोंदणी: (लिंक)

लिंक सोडून एकशेदोन. लिंक चोवीस. एकूण एकशेसव्वीस, आठ शिल्लक.

मग फॉर्म. त्यात नऊ रकाने होते, पदनाम, शैक्षणिक पात्रता आणि "आपणास या कार्यक्रमाची माहिती कोठून मिळाली" यांसकट. मेसेज चार ओळींचा आणि दारात शिरताना प्रवेश परीक्षा, असं चालत नाही. नाव आणि ईमेल ठेवलं, बाकी सात उडवले. सादर केल्यावर "आपला प्रतिसाद नोंदवला गेला आहे" एवढंच दिसत होतं, तिथे लिहिलं: "सामील होण्याची लिंक ईमेलवर येईल. आली नाही तर स्पॅममध्ये पाहा." चाचणी म्हणून आमच्या हिशेबनीसांना मेसेज पाठवला. त्यांनी लगेच मला कळवलं: "येतो." त्यांना वाटलं झाली नोंदणी. या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, आमंत्रणाला आपण असंच उत्तर देतो. म्हणून लिंक अगदी शेवटी ठेवली, तिच्यापुढे काहीही नाही, आभार नाही की सहीसुद्धा नाही. "येतो" म्हणणारे तरीही सात निघाले, त्यांना मी एकेक करून लिंक पुन्हा पाठवली.

मॅडमनी मसुदा पाहिला आणि विचारलं, "संचालकांचं नाव कुठंय?" मी म्हटलं, वेबिनारच्या सुरुवातीला आहे. "त्यांना वाईट वाटेल." त्यांना वाटलंही. मंगळवारी सकाळी दहाला मेसेज गेला, दुपारी दोनपर्यंत नोंदणी चाळीस झाली, तेव्हा ते माझ्या टेबलाशी येऊन "छान, पण जरा कोरडं आहे" असं म्हणून गेले. बुधवारी रात्री एकसष्ट. गुरुवारी अडतीस जण आले, आणि पस्तिसाव्या मिनिटाला सरांनी हात वर करायला सांगितले तेव्हा तेहतीस जणांसमोर स्वतःचं फोल्डर उघडं होतं. त्यातल्या अकरा जणांचा बॅकअप उघडलाच नाही. एकाच्या ड्राइव्हवर दोन वर्षांपूर्वीपासून काही गेलंच नव्हतं, हिरवी खूण मात्र रोज येत होती. तो नुसता "अरे बापरे" म्हणत राहिला, आणि माझ्या नोकरीत मला एवढं समाधान क्वचित मिळालंय.

इथे हे संपायला हवं होतं.

शनिवारी एका बाईंचा ईमेल आला. त्या एका छोट्या संस्थेचं कार्यालय एकट्या सांभाळतात. कार्यालयात एक जुना संगणक आहे, तो घरी नेता येत नाही, संध्याकाळी सातला कार्यालय बंद. घरी फोन आहे. त्यांनी लिहिलं होतं: "तुमचा मेसेज वाचून मला कळलं की आमचा बॅकअप मी कधी उघडलेला नाही. पण लॅपटॉप हवा असं होतं, म्हणून आले नाही. नंतर समजलं की पहिली पस्तीस मिनिटं सर नुसतं बोलत होते, सिंक आणि बॅकअप यातला फरक सांगत होते. मला तेच ऐकायचं होतं."

मॅडमना दाखवला. त्या म्हणाल्या, "आमच्या पोस्टमध्ये लॅपटॉपचं काही नव्हतं." हे खरंय. त्यांच्या पोस्टने त्या बाईंना अडवलं नसतं. अर्थात त्या पोस्टवरून विषय काय हेसुद्धा त्यांना कळलं नसतं, पण हे मी बोलले नाही.

सरांना मी फोनवर विचारलं होतं की लॅपटॉप लागेल का. फोनवाल्यांना अर्ध्या कार्यक्रमाचा उपयोग होईल का, हे विचारलं नव्हतं. माझ्या डोक्यात एकशेचौतीसचा आकडा होता, आणि "लॅपटॉप हवा" दहात बसत होतं. लहान, स्पष्ट, कुणाचा गैरसमज होणार नाही असं वाटलं. अटी अशाच लिहायच्या असतात असं मी नवीन मुलांना सांगतेही.

त्या बाईंना रेकॉर्डिंग पाठवलं. मग जुना मसुदा पुन्हा काढला आणि "हवा"च्या जागी "असल्यास उत्तम" घालून मोजलं. "लॅपटॉप असल्यास उत्तम" वीस होतं, म्हणजे दहा जास्त. शिल्लक आठ. एकूण एकशेछत्तीस, दोन जास्त.

वेबिनारनंतर एक स्वल्पविराम होता, जूननंतर एक.