आरशातल्या किटलीचा कोन

“खोलीच्या फोटोत मी नवी वस्तू बसवते, ती छान बसते. पण मागच्या आरशात तिचं प्रतिबिंब घातलं की ते खोटं वाटतं. उलटं करूनही पाहिलं. कोन नेमका कसा काढायचा?”

घरांच्या आतल्या फोटोंवर काम करणाऱ्या माझ्यासारख्याला हे वारंवार विचारलं जातं, आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा एकच गोष्ट केलेली असते. वस्तूच्या लेयरची कॉपी काढायची, ती आडवी उलटवायची, थोडी लहान करायची आणि आरशात ठेवायची. इथेच सगळं बिनसतं. भिंतीवरचा आरसा डावं-उजवं बदलत नाही, तो पुढचं-मागचं बदलतो. किटलीची तोटी तुमच्या डावीकडे असेल तर आरशातही ती डावीकडेच राहते. पण तीच तोटी थोडी तुमच्या दिशेने वळलेली असेल, तर आरशात ती तुमच्यापासून दूर, खोल आत वळलेली दिसते. शिवाय आरसा किटलीची पाठ दाखवतो. ती पाठ तुमच्या समोरच्या फोटोत नसतेच, त्यामुळे तो फोटो कितीही फिरवला तरी ती त्यातून निघत नाही.

म्हणून मी प्रतिबिंबाला प्रतिबिंब समजतच नाही. भिंतीच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर एक दुसरी किटली ठेवली आहे आणि आरसा ही तिच्याकडे उघडणारी खिडकी आहे, असं धरतो. मग प्रश्न दोनच उरतात. ती दुसरी किटली फोटोत कुठे आणि केवढी दिसेल? आणि तिची कुठली बाजू दिसेल?

पहिल्या प्रश्नासाठी एक बिंदू शोधावा लागतो. वस्तूवरचा कुठलाही ठिपका आणि त्याचं प्रतिबिंब जोडणारी रेघ आरशाला काटकोनात असते. अशा सगळ्या रेघा प्रत्यक्षात एकमेकींना समांतर असल्यामुळे फोटोत त्या एकाच व्हॅनिशिंग पॉइंटकडे जातात. खोलीत आधीपासून असलेल्या वस्तूच तो बिंदू सांगतात. टेबलावर दिवा असेल तर दिव्याचं टोक आणि आरशातलं त्याचं टोक जोडा. पुस्तकाचा कोपरा आणि आरशातला तोच कोपरा जोडा. दोन रेघा जिथे छेदतात तो तुमचा बिंदू. तिसरी रेघ तिथूनच गेली की खात्री पटते. कॅमेरा आरशाला अगदी समोरून धरलेला असेल आणि फोटो कापलेला नसेल, तर हा बिंदू जवळजवळ फोटोच्या मधोमध येतो. कॅमेरा तिरका असेल तर तो बाजूला सरकतो, कधी फोटोच्या बाहेरही जातो. अशा वेळी कॅनव्हास वाढवून घ्या, पण बिंदू अंदाजाने ठेवू नका.

आता एक उदाहरण पूर्ण करून बघू. फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा आहे आणि समोरून काढलेला आहे, म्हणून बिंदू 2000, 1500 वर. टेबल भिंतीला टेकलेलं आहे. त्यावर कॉफीची उंच किटली बसवली आहे. तिच्या बुडाचा मध्य 2900, 2400 वर येतो, म्हणजे बिंदूपासून 900 पिक्सेल खाली आणि 900 पिक्सेल उजवीकडे. टेबल भिंतीला जिथे भिडतं ती कड फोटोत 2220 वर दिसते, म्हणजे बिंदूच्या 720 पिक्सेल खाली. बिंदूपासून बुडाचं अंतर B आणि बिंदूपासून कडेचं अंतर M म्हटलं, तर प्रतिबिंबाच्या बुडाचं अंतर R असं निघतं:

```
R = (M × B) / (2B − M)
R = (720 × 900) / (1800 − 720) = 600
```

प्रतिबिंबाचं बूड बिंदूच्या 600 पिक्सेल खाली आलं. बूड आणि बिंदू जोडणाऱ्या रेघेवरच ते असायला हवं, म्हणून उजवीकडेही 600. जागा ठरली: 2600, 2100. आकारही याच आकड्यात लपलेला आहे. 600 भागिले 900 म्हणजे दोन तृतीयांश. समोरची किटली 480 पिक्सेल उंच असेल तर आरशातली 320. यासाठी खोलीत टेप घेऊन जावं लागत नाही, हे मला या रीतीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं. कुणीतरी दुसऱ्याने काढलेला फोटो हातात असला तरी टेबल-भिंतीची कड दिसते आहे तोवर हिशेब होतो. तिरक्या फोटोतही हेच सूत्र चालतं. फक्त अंतरं बुडातून बिंदूकडे जाणाऱ्या रेघेवर मोजायची आणि ती रेघ कडेला जिथे कापते तिथवरचं अंतर M धरायचं.

एक गोष्ट इथे बहुतेकांना खटकते. आरशाची खालची चौकट या फोटोत 2060 वर आहे आणि प्रतिबिंबाचं बूड 2100 वर, म्हणजे चौकटीच्या खाली! मग लोक प्रतिबिंब वर उचलून चौकटीवर टेकवतात. ते करू नका. आरसा टेबलापासून थोडा वर लावलेला असला की बूड दिसत नाही, हेच खरं आहे. प्रतिबिंब हिशेबाच्या जागीच ठेवा आणि आरशाच्या काचेचा मास्क लावून खालचे 40 पिक्सेल झाकले जाऊ द्या. चौकटीवर उभी असलेली किटली ही खोट्या प्रतिबिंबाची पहिली खूण आहे, आणि प्रमाण चुकलं नसलं तरी ती डोळ्याला लगेच टोचते.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे तुम्ही विचारलेला कोन. पाठीचा फोटो घ्यायचा म्हणून किटली सरळ 180 अंश फिरवली जाते. पण वस्तू बिंदूच्या उजवीकडे आहे, म्हणून कॅमेरा आणि आरसा दोघेही तिच्याकडे थोडे डावीकडूनच बघतात. याच उदाहरणात कॅमेरा भिंतीपासून 200 सेंटिमीटरवर, किटली भिंतीपासून 40 सेंटिमीटरवर आणि बिंदूच्या रेषेपासून 45 सेंटिमीटर उजवीकडे धरली, तर कॅमेऱ्याला ती 160 सेंटिमीटर खोलीवर असते आणि साधारण 16 अंश डावीकडून दिसते. आरशातून ती 240 सेंटिमीटर खोलीवर पडते आणि साधारण 11 अंश डावीकडून दिसते. 180 मधून हे दोन्ही वजा करा. 153 ते 154 अंश उरतात. किटलीच्या ज्या बाजूचं तोंड फोटोच्या मध्याकडे आहे, त्या बाजूने कॅमेरा एवढा वळसा घालून मागे जायला हवा. ती बाजू दोन्ही चित्रांत थोडी थोडी दिसली पाहिजे. ती एकाच चित्रात दिसत असेल तर वळसा उलट्या बाजूने घेतला गेला आहे.

वरून बघण्याचा उतारही बदलतो. कॅमेरा टेबलापासून 45 सेंटिमीटर उंच असेल तर समोरच्या किटलीचं बूड 15 अंश खाली दिसतं, आरशातल्या किटलीचं 10 अंशांच्या आसपास. म्हणून आरशातल्या झाकणाचा लंबगोल जास्त चपटा हवा. समोरच्या इतकाच फुगीर लंबगोल आरशात दिसला तर बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण आरशातली किटली पुढे कललेली वाटेल. पाठीचा फोटो काढताना मी कॅमेऱ्याची उंची तीच ठेवतो आणि अंतर दीडपट करतो. उतार आपोआप बरोबर येतो. मग तो फोटो Edit > Transform > Flip Horizontal ने उलटवायचा. उलटवण्याची पायरी आहे, पण ती इथे, पाठीच्या फोटोवर.

हा फोटो काढताना किटली फिरवण्यापेक्षा कॅमेरा घेऊन स्वतः मागे जाणं मला जास्त पटतं. किटली फिरवली की दिव्याच्या संदर्भात तिची बाजू बदलते आणि पाठीवर समोरचा उजेड पडतो. खोलीत उजेड डावीकडच्या खिडकीतून येत असेल तर आरशातही किटलीची डावी बाजूच उजळ हवी. उजेड कॅमेऱ्याच्या मागून येत असेल तर आरशातली किटली बरीच अंधारी दिसेल, आणि तशीच ठेवा. ती समोरच्या इतकी उजळ केली की सगळी मेहनत वाया जाते.

फोकसचं थोडक्यात सांगतो. प्रतिबिंब आरशाच्या काचेवर नसतं, ते 240 सेंटिमीटर लांब असतं. म्हणून त्याची धूसरता चौकटीशी जुळवू नका. आरशात दिसणाऱ्या, तेवढ्याच लांबच्या वस्तूशी जुळवा. तो दिवा पुन्हा कामी येतो. काचेची किंचित हिरवट झाक आणि थोडा मंदपणाही त्याच दिव्याच्या दोन रूपांवरून उचलता येतो.

हे सगळं सपाट आरशासाठी. फुगीर आरशाला या रीतीचा काही उपयोग नाही. खिळ्यावर टांगलेला, वरून पुढे झुकलेला आरसा मात्र सपाटच असतो, फक्त त्याची पातळी भिंतीची नसते. आरशातली दाराची चौकट कललेली दिसली की ओळखा. आरसा 3 अंश झुकला की प्रतिबिंब 6 अंश फिरतं. अशा वेळी टेबल-भिंतीची कड M म्हणून वापरता येत नाही, कारण आरशाची पातळी तिथून जात नाही. दिव्याच्या जोड्यांवरून बिंदू मात्र अजूनही बरोबर मिळतो. किटलीचं बूड आणि टोक त्या बिंदूशी जोडा आणि प्रतिबिंब त्या दोन रेघांमध्ये बसवा. आकार दिव्याच्या प्रमाणावरून घ्या, पण दिवा किटलीइतकाच भिंतीपासून लांब असेल तरच.

पाठीचा फोटो मिळणारच नसेल तर? गोल, नक्षी नसलेल्या बरणीला समोरचाच फोटो चालतो, झाकणाचा लंबगोल चपटा करून आणि उजेड तपासून. तोटी-दांडीच्या किटलीला नाही चालत. तिथे मी किटलीच सरकवतो. या फोटोत आरशाची उजवी कड 2800 वर आहे, म्हणजे बिंदूपासून 800 पिक्सेल. प्रतिबिंब 240 पिक्सेल रुंद आहे, म्हणून त्याचा मध्य निदान 920 वर गेला की ते पूर्ण आरशाबाहेर पडतं. 920 ची दीडपट 1380. किटलीचा मध्य 3380 किंवा त्याच्या उजवीकडे ठेवा, भिंतीपासूनचं अंतर तेच राहू द्या, आणि आरशात काही घालावंच लागत नाही.