आज भाजी काय केली?

परवा दुपारी जिन्यात वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेली मुलगी भेटली, एका हातात पार्सलचा खोका, दुसऱ्या हातात फोन, आणि एकदम म्हणाली, काकू एक विचारू का, तुम्ही रोज समोरच्या आजींना भाजी काय केली ते का विचारता, मला वरपर्यंत ऐकू येतं. मी म्हटलं अगं सवय आहे. ती बरं म्हणाली आणि गेली, पण तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की या बायकांना दुसरा विषय नाही.

आता तिला कुठे सांगत बसू की त्या प्रश्नाचा भाजीशी काही संबंध नाहीये.

माई एकट्या राहतात. वय 81, मुलगी बडोद्याला, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. सुरुवातीला मी सरळ विचारायचे, माई बरं आहे ना. तर एक तर 'छान' असं उत्तर यायचं, नाहीतर 'मला काय धाड भरलीय'. दोन्हीतून कळत काहीच नाही. आजारी माणूससुद्धा छानच म्हणतं, किंबहुना आजारी असलं की जास्त म्हणतं, कारण लेकीला कळलं तर ती बडोद्याला चला म्हणेल ही धास्ती. भाजीचं तसं नाही. भाजी काय केली याला उत्तर द्यायचं तर माणसाला दारापर्यंत यावं लागतं, सकाळचं आठवावं लागतं, आणि स्वयंपाक केलेला असावा लागतो. सलग दोन दिवस 'काही नाही गं, दूधपोळी खाल्ली' आलं की मी समजते, काहीतरी बिनसलंय, मग संध्याकाळी वाटीभर आमटी घेऊन जायचं निमित्त काढते. आणि मुख्य म्हणजे यात पाळत ठेवल्यासारखं वाटत नाही. कुणाला आवडेल हो, रोज उठून 'आहात का' असं विचारलेलं?

तसं सरकार विचारतंच की, वर्षातून एकदा. नोव्हेंबरात हयातीचा दाखला. माई दरवर्षी ठेवणीतली साडी नेसून बँकेत जातात, मोबाइलवर घरबसल्या होतं म्हणून मी कितीदा सांगितलं, पण नाही, जिवंत आहोत तर जाऊन दिसावं असं त्यांचं म्हणणं. एका नोव्हेंबरात त्या न सांगता गेल्या आणि मी इकडे बेल वाजवतेय. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, की बेलला उत्तर नाही आलं तर लगेच किल्ली काढायची नाही, आधी दारावर कान ठेवून त्यांचा मोबाइल लावायचा. आत रिंग वाजत राहिली आणि कुणी उचलत नाही तर मग खरी काळजी, कारण फोन घरात टाकून माई कुठे जात नाहीत. त्या दिवशी आत अगदी शांत होतं, आणि फोन उचलला तो बँकेच्या गर्दीतून, 'अगं माझा नंबर आलाय, नंतर बोल.'

आमच्या लहानपणी पुण्याच्या वाड्यात हे सगळं काठीवर चालायचं. वरच्या माडीवर एक नाना राहायचे, एकटेच, रात्री झोपण्याआधी ते काठी जमिनीवर तीनदा आपटायचे. जमीन म्हणजे लाकडी तुळया, वर फळ्या आणि मातीचा थर, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला आमच्या आढ्यातून बारीक माती पडायची, आणि नेमकी आमची जेवणं उशिरा झाली असली की ताकात. आई वैतागायची. वडील मात्र उठून केरसुणीचा दांडा आढ्याला दोनदा लावायचे, आणि मग वरून खाटेचा करकर आवाज यायचा. याबद्दल कुणी कधी काही बोललेलं मला आठवत नाही. एकदा काठी वाजली नाही तर वडील कंदील घेऊन वर गेले आणि बराच वेळ आले नाहीत, आम्ही पोरं टरकून बसलेलो, तर नाना काठी तळघरात विसरलेले आणि दोघं वर गप्पा हाणत बसलेले. आई त्या दिवशी जी चिडली.

तर माईंकडे काठी नाही, दुधाची पिशवी आहे. दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवलेली असते, पावणेसहाला दूधवाला दूध टाकतो, साडेसहापर्यंत पिशवी आत गेलेली असते. माझा नवरा फिरायला जाताना बघतो. जपानात म्हणे याच तत्त्वावर चहाच्या पाण्याची इलेक्ट्रिक किटली काढली, झोजिरुशी नावाच्या कंपनीने, 2001 मध्ये. म्हाताऱ्या माणसाने पाणी घेतलं की त्याची नोंद दूरच्या मुलांना जाते. माईंच्या जावयाने ही माहिती मोठ्या हौसेने सांगितली, त्यावर माई म्हणाल्या आमच्याकडे चहा पातेल्यात होतो.

पण पिशवीचा हिशोब नीट मांडला तर तो लंगडा आहे. साडेसहाला पिशवी आत गेली आणि पावणेसातला माई बाथरूममध्ये घसरल्या, तर पिशवीवरून कळणार दुसऱ्या दिवशी सकाळी. या वयात पडण्यापेक्षा पडून राहणं जास्त वाईट. तासाच्या वर माणूस एकाच कुशीवर लादीवर पडून राहिलं की दबलेला स्नायू खराब व्हायला लागतो, त्यातून सुटलेलं किडनीवर येतं, शिवाय पाणी नाही, अंग गार. हाड मोडलेलं नसलं तरी यानेच माणूस जातं कधीकधी. म्हणून सकाळी पिशवी, साडेअकराला भाजी, आणि रात्री आठला लेकीचा फोन, असे दिवसाचे तुकडे पाडलेत. मोठ्यात मोठा तुकडा रात्रीचा उरतो, त्याला काही इलाज नाही.

गुड मॉर्निंगच्या फुलांवर माझा विश्वास नाही बरं का. माई रोज पाच वाजता गुलाब पाठवतात, गादीवर बसूनच. गुलाब पाठवायला उठावं लागत नाही.

आणि मागच्या उन्हाळ्यात तर गुलाब येत होते, पिशवीही आत जात होती, रात्री लेकीशी 'बरी आहे' असं बोलणंही होत होतं. भाजीत मात्र फरक पडला. आधी मसाल्यासकट रेसिपी सांगणाऱ्या माई नुसतं 'भेंडी' म्हणायला लागल्या. मग 'केलीय काहीतरी'. मग मळमळतंय म्हणून भाजीच नाही, चालताना पाय लटपटतात म्हणून भिंतीला हात. ऊन असेल, मला वाटलं, वय पण आहे. आणि मग एका गुरुवारी त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, भाजी कशाला, आज शाळेला सुट्टी आहे ना.

मी त्यांना तिथेच खुर्चीत बसवलं आणि नवऱ्याला हाक मारली. पहिला विचार अर्धांगवायूचाच आला. हसून दाखवा म्हटलं, तोंड वाकडं नव्हतं, दोन्ही हात सारखे वर गेले, पण बोलणं भलतंच. 108 ला फोन केला. हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने नाव-पत्ता नंतर विचारला, आधी विचारलं की शेवटच्या नीट कधी बोलल्या. कारण मेंदूत गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि ते तास पडल्यापासून किंवा सापडल्यापासून नाही, शेवटचं नीट बघितल्यापासून मोजतात. एकट्या माणसाच्या बाबतीत हे कुणाला माहीत असणार? मी सांगितलं, काल साडेअकराला कमी बोलल्या पण बरोबर बोलल्या, परवा मळमळ होती, त्याच्या आधी दोन-तीन दिवस उत्तरं तुटक होती. डॉक्टर म्हणाला म्हणजे हळूहळू चढलंय, आणि स्कॅनबरोबर रक्तही पाठवलं. स्कॅन चांगला निघाला. सोडियम 118. असायला हवं 135 ते 145.

सोडियम कमी होणं आता घराघरात झालंय, पण का होतं ते मला तेव्हा नीट कळलं. माईंच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं, ते सोडियम बाहेर काढतं. त्यात त्यांनी बीपीसाठी मीठ तोडलेलं. आणि त्यात उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या असा कुठलातरी फॉरवर्ड आला म्हणून तांब्यावर तांब्या साधं पाणी ढोसत होत्या, पोटात अन्न नाही. गोळी आधीपासून चालू होती, पण तिघं एकत्र आल्यावर काम झालं. मला वाटलं आता सलाइन लावतील आणि संध्याकाळी माई शुद्धीवर. तसं नसतं. घाईने वर आणलं तर मेंदूलाच इजा होते, म्हणून दिवसाला आठ-दहाच्या वर चढू देत नाहीत, सारखं रक्त तपासून थेंब मोजून देतात. 118 चे 130 व्हायला तिसरा दिवस उजाडला, आणि मग माईंनी नर्सला विचारलं की इथल्या आमटीत गूळ का नाही.

लेक फार रडली. रोज बोलत होते गं, मला कसं कळलं नाही. अगं कसं कळणार, दोन मिनिटांपुरतं प्रत्येक जण सावरून बोलतं, आणि 'बरी आहे' हे वाक्य तर झोपेतही येतं.

आता गोळी बदललीय, मीठ थोडं सुरू आहे, आणि डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे अधूनमधून रक्त तपासतो. राहिलं भांडण ते कडीचं. त्यांची एक किल्ली आमच्याकडे असते, आणली त्याच दिवशी कुलपात फिरवून बघितलेली, कारण नवीन बनवलेली किल्ली कधी अडते सांगता येत नाही. पण माईंनी आतून कडी घातली तर त्या किल्लीचा उपयोग शून्य. बाथरूमची कडी मी लेकीकडून काढवून घेतली, दारावर टॉवेल टाकला की आत कुणीतरी आहे असं समजायचं, एकट्याच्या घरात कोण येणार आहे म्हणा. बाहेरच्या दाराला नुसतं लॅच ठेवा म्हटलं तर चोरांची भीती. शेवटी रात्री कडी, सकाळी दूध घेताना काढायची ती काढूनच ठेवायची असं ठरलं.

दुपारी दोन ते चार मात्र त्या कडी घालतातच. लॅचवर झोप लागत नाही म्हणतात. मी पुष्कळ डोकं लावून बघितलं, त्यांनी दुप्पट लावलं, सोडून दिलं. दार जुनं सागवानी आहे, खांद्याने उघडणारं नाही. कोपऱ्यावरच्या सुताराला एकदा आणून दाखवलंय, तो म्हणाला बिजागऱ्या बाहेरून निघतील, दहा मिनिटं लागतील. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये 'माई सुतार' म्हणून सेव्ह आहे. माईंना हे माहीत नाहीये.